जंतूंचा तक्ता, प्रश्नांच्या हिशेबानं

२२ वर्षांचा तरुण. आठ दिवसांपासून रोज थोडा थोडा चढत गेलेला ताप, डोकेदुखी, जिभेवर पांढरट थर, पोटात हलकं दुखणं. तपासताना प्लीहा हाताला लागते. संभाव्य निदान काय? जंतू शरीरात कसा पसरतो? प्रयोगशाळेत निदान कसं कराल? या धर्तीचा प्रश्न सेकंड एमबीबीएसच्या मायक्रोबायॉलॉजीच्या पेपरात नवा नाही. जुने पेपर उलटून पाहिले तर हाच प्रश्न वेगवेगळ्या रूपांत भेटतो. कुठे ‘एंटेरिक फीव्हरचं प्रयोगशालेय निदान’ असा सरळ दीर्घोत्तरी प्रश्न असतो, कुठे विडाल टेस्टवर शॉर्ट नोट, तर कुठे टायफॉइडच्या वाहकांवर तीन-चार ओळींचं उत्तर मागितलेलं असतं. विचारणाऱ्याचे शब्द बदलतात, पण जंतू एकच राहतो: साल्मोनेला टायफी.

आता बहुतेक विद्यार्थ्यांच्या वहीतला तक्ता पाहावा. पहिल्या रकान्यात जंतूचं नाव, मग ग्रॅम पॉझिटिव्ह की निगेटिव्ह, आकार, वाढीचं माध्यम, रोग आणि शेवटी औषध. साल्मोनेलाच्या ओळीत ‘ग्रॅम निगेटिव्ह, दंडाकार, मॅकॉन्की, टायफॉइड, सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन’ असं लिहिलेलं असतं. यातलं काहीच चूक नाही. तरी या ओळीच्या भरवशावर वरच्या चारपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर लिहून होत नाही. आठव्या दिवशी रक्त घ्यायचं की शौच, विडालचा आकडा कधी मानायचा, वाहक कसा शोधायचा, यांपैकी एकही गोष्ट त्या तक्त्यात नाही. तक्ता पुस्तकाच्या अनुक्रमणिकेवरून बनला आणि प्रश्न आला रुग्णाकडून.

हे अंतर अलीकडे आणखी रुंदावलं आहे. २०१९ साली प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून देशभर क्षमताधारित अभ्यासक्रम आला आणि मायक्रोबायॉलॉजीची मांडणी जंतूंऐवजी शरीरसंस्थांवर आली. रक्त व हृदय, पचनसंस्था, त्वचा व मऊ ऊती, मेंदू, श्वसन, मूत्र व जननसंस्था, प्राण्यांपासून येणारे आजार, असे त्याचे विभाग आहेत. जुने पेपर मात्र ‘स्टॅफिलोकॉकस ऑरियसचे व्हिरुलन्स फॅक्टर’ किंवा ‘व्हिब्रिओ कॉलरीचं वर्णन करा’ अशा जंतूंच्या नावांनीच भरलेले आहेत. म्हणून जुने प्रश्न टाकून देण्याची गरज नाही. त्यांचं नव्या विभागांत पुनर्वाटप करावं लागतं. तक्त्याचं काम इथूनच सुरू होतं.

पहिली पायरी तक्ता भरण्याची नाहीच. ती आहे प्रश्नांची नोंद. जमतील तितके मागचे उन्हाळी-हिवाळी पेपर घेऊन जंतूशी संबंधित प्रत्येक प्रश्न एका ओळीत उतरवायचा आणि त्यापुढे जंतू, विचारलेली कृती आणि गुण लिहायचे. कृती म्हणजे प्रश्नातलं क्रियापद: वर्णन करा, रोगजनन सांगा, प्रयोगशालेय निदान लिहा, फरक सांगा, प्रतिबंध सांगा. हा रकाना सगळ्यात मोलाचा, कारण पुढे तक्त्याचे रकाने यातूनच निघतात. एखाद्या जंतूबद्दल ‘आकार व रंजन’ एवढंच विचारणारा मोठा प्रश्न शोधूनही सापडत नाही. रोगजनन आणि प्रयोगशालेय निदान मात्र पुन्हा पुन्हा येतात. मग तक्त्यात अर्धी जागा आकार-रंजनाला आणि एक चिंचोळा कोपरा निदानाला, ही वाटणी उलटी करावीच लागते.

नोंद करताना एक चूक सर्रास होते: प्रश्न नावावरून मोजले जातात. ज्या पेपरात ‘टायफॉइड’ हा शब्द छापलेला आहे तेवढेच प्रश्न त्याच्या खात्यात जमा होतात. वरचा २२ वर्षांच्या तरुणाचा प्रश्न रोगाचं नाव घेत नाही, म्हणून तो ‘इतर’मध्ये जातो आणि टायफॉइडची वारंवारता खरी आहे त्याहून कमी दिसते. केस असलेला प्रत्येक प्रश्न आधी सोडवायचा, निदान ठरवायचं आणि मगच नोंदवायचा. वेळ लागतो, पण या सोडवण्यातच निम्मा अभ्यास होऊन जातो.

नोंद पुरी झाली की एंटेरिक फीव्हर, कॉलरा, क्षयरोग, घटसर्प, सिफिलिस, गॅस गँग्रीन अशी काही नावं वर तरंगताना दिसतात. यांच्या ओळी सविस्तर करायच्या. एखाद्याच वेळी आलेल्या जंतूला दोन ओळी पुरे. त्याला वगळायचं नाही, कारण मागे काय विचारलं एवढंच जुना पेपर सांगतो.

साल्मोनेला टायफीचीच ओळ नव्यानं बांधून पाहू. तिचा सगळ्यात महत्त्वाचा रकाना कोणत्याही पाठ्यपुस्तकाच्या तक्त्यात सहसा नसतो: आजाराचा आठवडा. मुदतीच्या तापात निदान कोणत्या नमुन्यातून होईल, हे जंतू त्या घडीला शरीरात कुठे आहे यावर ठरतं. म्हणून रोगजनन आणि निदान हे दोन रकाने शेजारी ठेवून आठवड्यानुसार एकत्र वाचायचे.

दूषित पाण्यातून किंवा अन्नातून गिळलेला जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या पेयर्स पॅचेसमधून आत शिरतो, आतड्याजवळच्या लसीका गाठींत वाढतो आणि तिथून रक्तात उतरतो. ही पहिली फेरी थोडक्या वेळाची असते, रुग्णाला काही जाणवतही नाही. यकृत, प्लीहा, अस्थिमज्जा इथल्या पेशींत तो वाढत राहतो. संसर्गानंतर साधारण एक ते दोन आठवड्यांनी तो मोठ्या संख्येनं पुन्हा रक्तात येतो आणि ताप सुरू होतो. म्हणजे तापाच्या पहिल्या आठवड्यात जंतू रक्तात आहे आणि त्या आठवड्याच्या चौकटीत ‘ब्लड कल्चर’ असं लिहायचं. पुढे तो पित्ताशयात पोचतो, पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात उतरतो आणि शौचातून जास्त प्रमाणात बाहेर पडू लागतो; म्हणून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात शौचाचं कल्चर. प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो, म्हणून विडाल पहिल्या आठवड्याच्या अखेरीनंतर. आतड्यातल्या व्रणांमुळे रक्तस्राव किंवा छिद्र पडण्याचा धोका तिसऱ्या आठवड्याच्या आसपास, तर तोही त्याच चौकटीत.

विद्यार्थी हा क्रम ‘बासू’ या आद्याक्षरांनी लक्षात ठेवतात: ब्लड, अँटिबॉडी, स्टूल, युरिन, एकेका आठवड्याला एकेक. आठवायला सूत्र ठीक आहे, पण ते जसंच्या तसं तक्त्यात उतरवलं की चूक शिरते. दुसरा आठवडा लागला म्हणून ब्लड कल्चर बंद होत नाही. ते पॉझिटिव्ह येण्याची शक्यता हळूहळू उतरते, एवढंच. पाठ्यपुस्तकांत पहिल्या आठवड्यासाठी सुमारे ९० टक्के, दुसऱ्यासाठी ७५ आणि तिसऱ्यासाठी ६० टक्के असे आकडे दिलेले असतात. प्रत्यक्ष रुग्णालयांत यश यापेक्षा कमी येतं, कारण कित्येक रुग्ण रक्त द्यायला येण्यापूर्वीच अँटिबायोटिक घेऊन मोकळे झालेले असतात. अशा वेळी अस्थिमज्जेचं कल्चर उपयोगी पडतं, तिथला जंतू औषधानंतरही काही काळ तग धरतो. लघवीतून जंतू अधूनमधूनच मिळतो, त्यामुळे एकदा निगेटिव्ह आलं म्हणून काही ठरत नाही.

प्रश्नात ‘प्रयोगशालेय निदान’ आलं की परीक्षक पायऱ्या शोधतो. त्यासाठी ब्लड कल्चरच्या चौकटीखाली कामाचा क्रम लिहावा. प्रौढाचं ५ ते १० मिलिलिटर रक्त ५० ते १०० मिलिलिटर बाइल ब्रॉथमध्ये घालतात. हे दहापट प्रमाण उगाच नाही. रक्तात जंतू मारणारे घटक असतात, पातळ केल्यावर त्यांचा जोर उतरतो. आणि टायफॉइडमध्ये रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये जेमतेम एखादा जंतू असतो, म्हणून रक्त कमी घेतलं तर तो हाती लागतच नाही. ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या ब्रॉथमधून मॅकॉन्की अगारवर सबकल्चर केलं की फिकट, रंगहीन कॉलनी दिसतात, कारण हा जंतू लॅक्टोज आंबवत नाही. विल्सन-ब्लेअर माध्यमावर त्याच कॉलनी धातूसारखी चकाकी असलेल्या काळ्याभोर येतात. शर्करेच्या चाचण्यांत टायफी आम्ल बनवतो पण वायू बनवत नाही. शेजारच्या ओळीत साल्मोनेला पॅराटायफी ए असेल तर नेमका इथे फरक लिहायचा: तो वायूही बनवतो. ‘फरक सांगा’ या प्रश्नाचं उत्तर असं दोन ओळी एकमेकींखाली असण्यातून आपोआप मिळतं.

त्यानंतर स्लाइड अ‍ॅग्लुटिनेशन. इथे व्हायव्हामध्ये हमखास येणारा एक प्रश्न तक्त्यात बसवता येतो. कॉलनी टायफीसारखी, जैवरासायनिक चाचण्याही जुळल्या, तरी ओ अँटिसेरमबरोबर गुठळ्या होत नाहीत. मग काय करायचं? ताज्या जंतूवर व्हीआय अँटिजेनचं आवरण असतं आणि त्याखाली ओ अँटिजेन झाकला जातो. जंतूंचं मिश्रण उकळून आवरण घालवायचं आणि चाचणी पुन्हा करायची. ‘व्हिरुलन्स फॅक्टर: व्हीआय’ एवढी कोरडी नोंद इथे एका खऱ्या अडचणीचं उत्तर बनते.

विडालसाठी वेगळी चौकट हवी, कारण तिच्यावर शॉर्ट नोट स्वतंत्र येते. फर्नांद विडाल यांनी १८९६ मध्ये सांगितलेली ही चाचणी आजही गावोगावच्या लॅबमध्ये होते. रुग्णाचं सीरम टप्प्याटप्प्यानं पातळ करून टायफीच्या ओ व एच आणि पॅराटायफी ए व बीच्या एच अँटिजेनशी भिडवतात. ओ अँटिजेनच्या गुठळ्या बारीक, खडूच्या कणांसारख्या. एचच्या सैल, कापसासारख्या. ओसाठी १:१०० आणि एचसाठी १:२०० हे आकडे अनेक ठिकाणी अर्थपूर्ण धरले जातात. पण तक्त्यात नुसता आकडा लिहून थांबलं की गुण जातात. जिथे टायफॉइड नेहमीचाच आहे तिथे निरोगी माणसांच्या रक्तातही थोडी प्रतिपिंडं असतात, म्हणून अर्थपूर्ण पातळी त्या त्या भागावर अवलंबून असते. एका चाचणीपेक्षा सात ते दहा दिवसांच्या अंतरानं घेतलेल्या दोन नमुन्यांत चौपट वाढ दिसणं अधिक बोलकं. लस घेतलेल्यात किंवा पूर्वी टायफॉइड होऊन गेलेल्यात एच बराच काळ चढा राहू शकतो. आजाराच्या सुरुवातीलाच औषध सुरू झालं तर प्रतिपिंडं वाढतच नाहीत. म्हणजे विडालच्या चौकटीत दोन याद्या हव्यात, खोटं पॉझिटिव्ह केव्हा आणि खोटं निगेटिव्ह केव्हा. आठव्या दिवशी आलेल्या तरुणाच्या बाबतीत विडाल निगेटिव्ह आली तर टायफॉइड नाही असं म्हणता येत नाही. तिथे ब्लड कल्चरच पुढे येतं. केस-प्रश्नात नेमका एवढाच निर्णय तपासला जातो.

वाहकांचा प्रश्न शेवटच्या चौकटीत. बरा झाल्यावरही पित्ताशयात जंतू घर करून राहिला तर माणूस महिनोन्महिने तो शौचातून सोडत राहतो. न्यूयॉर्कमधली स्वयंपाकीण मेरी मॅलन याचं जगप्रसिद्ध उदाहरण. तिला १९०७ मध्ये आणि पुन्हा १९१५ मध्ये विलग करण्यात आलं आणि १९३८ साली मृत्यू येईपर्यंत ती विलगवासातच होती. वाहक ओळखण्यासाठी शौचाचं किंवा पित्ताचं कल्चर एकापेक्षा अधिक वेळा करतात, व्हीआय प्रतिपिंडांची चाचणी चाळणी म्हणून वापरतात. या चौकटीला आठवडा नाही. म्हणून तिच्या डोक्यावर ‘आजारानंतर’ असं लिहायचं.

टायफॉइडची ओळ काळानुसार फुटली. काही जंतूंची ओळ जागेनुसार फुटते, आणि तसं न केल्यास उत्तर सपशेल चुकतं. स्ट्रेप्टोकॉकस पायोजिनिस हे त्याचं उत्तम उदाहरण. साध्या तक्त्यात त्याच्या पुढे ‘घसा दुखणे, त्वचासंसर्ग, संधिवाताचा ताप, मूत्रपिंडदाह’ असे चार रोग एका दमात आणि निदानाच्या रकान्यात ‘थ्रोट स्वॉब कल्चर, एएसओ’ लिहिलेलं असतं. आता प्रश्न येतो: १० वर्षांच्या मुलीचे गुडघे आणि घोटे आळीपाळीनं सुजतात, काही आठवड्यांपूर्वी तिचा घसा दुखत होता, निदान कसं कराल? तक्त्यावर विसंबलेला विद्यार्थी थ्रोट स्वॉब, ब्लड अगार, बीटा हिमोलिसिस, बॅसिट्रॅसिनला संवेदनशील, असं भराभर लिहून मोकळा होतो. हे उत्तर घसा दुखण्याच्या केसला बरोबर. संधिवाताचा ताप येतो तेव्हा जंतू बहुधा घशातून निघून गेलेला असतो. सांध्यांत आणि हृदयात चाललेली गडबड शरीराच्या स्वतःच्या प्रतिकारातून होते. तिथे जंतू शोधण्यापेक्षा तो येऊन गेल्याची खूण शोधायची, म्हणजे एएसओ टायटर, २०० युनिटच्या वर.

मूत्रपिंडदाहाची केस आणखी एक वळण घेते. संधिवाताचा ताप येतो घशाच्या संसर्गानंतर, पण मूत्रपिंडदाह त्वचेवरच्या पुवाळलेल्या फोडांनंतरही येतो. त्वचेतल्या स्निग्ध पदार्थांमुळे स्ट्रेप्टोलायसिन ओ निष्प्रभ होतं, त्याविरुद्ध प्रतिपिंडं फारशी बनत नाहीत आणि एएसओ वाढलेला दिसेलच असं नाही. तिथे अँटी-डीएनएज बी बघायचं. एका जंतूची ही ओळ त्यामुळे चार उपओळींत मोडावी लागते: घसा, त्वचा, घशानंतरचा संधिवाताचा ताप, आणि घसा किंवा त्वचेनंतरचा मूत्रपिंडदाह. ओळ कुठे फोडायची याची खूण सोपी आहे. एकाच जंतूच्या दोन प्रश्नांना निदानाच्या रकान्यातलं एकच उत्तर चालत नसेल, तर तिथे ओळ फुटलीच पाहिजे.

जंतूकडून रोगाकडे जाणारा हा तक्ता तयार झाला तरी केस-प्रश्नाला उलटी दिशा लागते: लक्षणांकडून जंतूकडे. त्यासाठी दुसरा, लहान तक्ता पुरतो. पचनसंस्थेच्या पानावर जुलाब दोन गटांत टाकायचे. भाताच्या पेजेसारखे पाण्याचे, पोटात फारशी कळ नाही, शौचात पू-पेशी नाहीत: इथे आधी कॉलरा. थोडं थोडं, रक्त व आव पडणारं, कुंथून होणारं, पू-पेशींनी भरलेलं शौच: इथे शिगेला. असा फरक का पडतो, हे रोगजननाच्या रकान्यातून कळतं. कॉलऱ्याचा जंतू आतड्याच्या अस्तरात शिरत नाही. त्याचं विष पेशींतलं सायक्लिक एएमपी वाढवतं आणि पाणी-क्षार आतड्यात ओतले जातात. हे विष असतं हे कोलकात्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये सशाच्या आतड्याच्या बांधलेल्या तुकड्यांवर दाखवलं. शिगेला अस्तरात शिरतो, पेशी मारतो, म्हणून रक्त आणि पू. उलट्या तक्त्यातल्या प्रत्येक जंतूपुढे फक्त मूळ तक्त्याचा पान क्रमांक लिहायचा. माहिती पुन्हा उतरवली की पुढे दोन ठिकाणी दोन वेगळ्या गोष्टी राहतात.

ही दुहेरी नोंद सगळ्यात जास्त उपद्रव देते उपचाराच्या रकान्यात. दहा-बारा वर्षांपूर्वीच्या पेपराचं आदर्श उत्तर हाती लागतं आणि त्यातलं औषध तसंच तक्त्यात येतं. टायफॉइडसाठी एके काळी क्लोरॅम्फेनिकॉल हे पहिलं औषध होतं. मग त्याला आणि त्याच्या जोडीच्या औषधांना दाद न देणारे जंतू पसरले, सिप्रोफ्लॉक्सॅसिन आलं, त्याचाही प्रभाव भारतीय उपखंडात ओसरला. आता सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन ही नावं पुढे असतात, आणि पाकिस्तानच्या सिंध प्रांतात २०१६ पासून पसरलेल्या जंतूनं सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनलाही जुमानलेलं नाही. म्हणून या रकान्यात औषधाच्या पुढे वर्ष लिहायचं आणि त्याखाली ‘संवेदनशीलता चाचणीनुसार’ ही ओळ ठेवायची. प्रतिबंधाच्या रकान्यालाही हाच नियम लागू. जुन्या उत्तरांत तोंडावाटे देण्याची टीवाय२१ए आणि व्हीआय पॉलिसॅकराइड या दोनच लसी असतात. संयुग्म लस त्यांत सापडत नाही, आणि लहान बाळांना देता येते ती नेमकी हीच. व्हीआय पॉलिसॅकराइड लस दोन वर्षांखालील मुलांत नीट काम करत नाही, म्हणून या तीन लसींपुढे वयाचा छोटा उपरकाना काढला की ‘टायफॉइडच्या लसी’ या शॉर्ट नोटचं उत्तर तिथेच तयार असतं.